सात मिनिटांची बॅच : पदवी समारंभाच्या व्हिडिओची संहिता लिहिताना

आमची बी.एस्सी.ची बॅच २०२४ ची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज, वर्गात ४६ जण, त्यातले निम्म्याहून जास्त एसटीच्या पासवर येणारे. पदवी वितरण समारंभ २२ फेब्रुवारी २०२५, शनिवारी ठरला आणि त्यात दाखवायच्या व्हिडिओची संहिता मी लिहिली. याआधी स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केलं होतं, पण व्हिडिओसाठी कधी काही लिहिलं नव्हतं. तेव्हा मला ज्या गोष्टी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या इथे लिहून ठेवते आहे.

२७ जानेवारीला वर्गाच्या ग्रुपवर सरांचा निरोप आला. विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रमात एकूण दहा मिनिटं आहेत, त्यातच टॉपरचं मनोगत आणि आठवणींचा व्हिडिओ बसवा. ग्रुपवर लगेच वाद सुरू झाला. मुलांना व्हिडिओ पूर्ण दहा मिनिटांचा हवा होता. काही जणींचं म्हणणं, भाषण कापलं तर टॉपरचा अपमान होईल. दोन दिवस यातच गेले. मग मी सुचवलं की दोन्ही एकच करू. भाषण आधी रेकॉर्ड करायचं आणि त्याच्या वाक्यांच्या मधे मधे वर्गाच्या आठवणी ओवायच्या. सगळ्यांनी होकार दिला आणि काम माझ्याच गळ्यात पडलं.

पहिली पायरी अर्जाची. प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची शिफारस, मग कार्यालयात आवक क्रमांक. अर्जात चार गोष्टी मागितल्या: रविवारी प्रयोगशाळा उघडून मिळावी, विभागाकडचे जुने फोटो मिळावेत, समारंभाच्या आदल्या दिवशी सभागृहात चाचणी घेऊ द्यावी, आणि व्हिडिओला किती मिनिटं ते लेखी कळवावं. ही शेवटची मागणी विसरू नका. आम्हाला सात मिनिटं मिळाली, राहिलेली तीन सत्कारासाठी. कागदावर आकडा होता म्हणून शेवटच्या आठवड्यात कोणी "पाचच करा" म्हणू शकलं नाही. भाषणाचा मजकूर समितीला आधी दाखवावा लागेल, तोही छापील आणि प्रत्येक पानावर सही करून, हेही तेव्हाच कळलं. अर्ज २९ ला दिला, मंजुरी ३ फेब्रुवारीला मिळाली. तोवर मी फोटो गोळा करत बसले.

फोटोंबद्दल एक महत्त्वाचं. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो. मोबाइलवर छान दिसतो, पण मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट होतात. म्हणून सगळ्यांना सांगितलं, फोटो 'Document' म्हणून पाठवा. तरी पहिल्या दिवशी आलेल्या २१२ फोटोंपैकी बहुतेक दाबलेलेच होते. पुन्हा एकेकीला फोन केले. विभागाकडच्या फोटोंची वेगळीच अडचण. नॅकच्या फाइलसाठी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या तळाशी नकाशा, तारीख, अक्षांश आणि रेखांश छापलेले. सहलीच्या फोटोत पहिल्या रांगेत बसलेल्यांचे गुडघे त्या पट्टीखाली गेले होते. पट्टी कापली तर फोटो आडवा आणि बुटका होतो, पण पडदाही आडवाच असतो, त्यामुळे ते फोटो शेवटी कामाला आले.

आता भाषणाकडे येते, कारण सगळं अडलं ते तिथेच.

आमच्या टॉपरने ४ फेब्रुवारीला मला दोन पानं पाठवली. आदरणीय व्यासपीठ, माझे गुरुजन, माझे आईवडील, शिक्षकेतर कर्मचारी, ग्रंथालय, मित्रमैत्रिणी, सगळ्यांचे ऋण. शब्द मोजले तर ४१२. मी मोठ्याने वाचून घड्याळ लावलं. कॅमेऱ्यासमोर सावकाश बोललं की आपल्याकडे मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे हे पावणेचार मिनिटांचं भाषण झालं. पण खरी अडचण लांबीची नव्हती. त्या दोन पानांतलं एकही वाक्य असं नव्हतं की जे ऐकून पुढचं काही बघावंसं वाटेल. "ग्रंथालयाचे आभार" म्हटल्यावर ग्रंथालयाचा फोटो दाखवायचा, "गुरुजनांचे आभार" म्हटल्यावर गुरुजनांचा. असा व्हिडिओ म्हणजे फोटोंचा अल्बम, वर आवाज लावलेला.

मी तिच्या गावी गेले. नाला ओलांडून अकरा किलोमीटर. कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि ती आईसोबत वावरातच होती. बांधावर बसून म्हणाली, "मले लिहूनच नाही जमून रायलं वं. सगळ्यायचे आभार मानू मानू दोन पानं भरले, पण त्यात मी कुठीच नाही."

मी वही मिटली आणि भाषणाविषयी काहीच न विचारता दुसरेच प्रश्न विचारले. पहिल्या दिवशी कोणाशेजारी बसलीस? कोणत्या प्रॅक्टिकलला रडली होतीस? तीन वर्षांत कोणाला काही विचारायचं राहून गेलं का? हा शेवटचा प्रश्न मी घरून ठरवून नेला नव्हता, तो बोलता बोलता सुचला. आणि त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने कांद्याच्या मुळांची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या वर्षी पेशीविभाजनाचं प्रॅक्टिकल असतं. कांदा पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, तीन-चार दिवसांत मुळं फुटतात. त्या मुळांची टोकं सकाळच्या वेळी कापून असेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायची, कारण सकाळी विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात. दुसऱ्या दिवशी रंग देऊन, काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आमच्याकडे टोकं कापायची वेळ होती साडेआठ. तिच्या गावाकडची पहिली बस पोचायची पावणेदहाला. तरी दर वेळी तिच्या नावाच्या बाटलीत टोकं कापून ठेवलेली असायची. बसने येणाऱ्या सगळ्यांच्याच बाटल्यांत असायची. "मी कधी विचारलंच नाही, कोन कापते म्हणून," ती म्हणाली.

ते प्रयोगशाळेतले मामा कापायचे. मला माहीत होतं, कारण मी गावातच राहते आणि साडेआठला तिथे असायचे. तिला माहीत नव्हतं. तिथे बांधावरच मला संहिता दिसली. भाषणात तिने प्रश्न ठेवायचा आणि उत्तर चित्राने द्यायचं.

तिथून पुढे हाच नियम धरला. तिच्या वाक्यात जी वस्तू आहे ती पडद्यावर दाखवायची नाही. ती 'बस' म्हणाली तेव्हा बस दाखवली, तर प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा मिळते. वाक्य जिथे अपुरं राहतं तिथे आठवण आणायची. आठवण संपली की तिचं पुढचं वाक्य चित्राच्या दोन सेकंद आधी ऐकू येऊ द्यायचं, म्हणजे भाषणाचा धागा तुटत नाही.

भाषण आम्ही दोघींनी मिळून पुन्हा लिहिलं. ३३८ शब्द, पाच तुकडे. सुरुवात अशी: "निकालात माझं नाव पहिलं आलं. हजेरीपटावर मी एकोणतिसावी आहे. मी त्या पटावरूनच बोलते." व्यासपीठाला नमस्कार काढून टाकला, कारण तो सूत्रसंचालक करणारच होता. समितीला हे पटवावं लागलं. एका मॅडमचा आग्रह होता की संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा उल्लेख हवाच. तो शेवटच्या पाटीवर सहा सेकंद घेतला आणि भाषण जसंच्या तसं राहिलं. सही ११ फेब्रुवारीला मिळाली.

संहितेचं पान मी उभं दोन भागांत आखलं होतं. डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं, आणि कडेला सेकंद. मधला तुकडा इथे देते. मोबाइलवर दोन रकाने नीट दिसत नाहीत म्हणून एकाखाली एक लिहिते.

आवाज, टॉपर (२६ सेकंद): "कांद्याच्या मुळाचं टोक सकाळीच कापावं लागतं. आमची बस पावणेदहाला यायची. तरी माझ्या बाटलीत टोकं कापलेली असायची. ती कोण कापतं, हे मी कधी विचारलंच नाही."
दिसतं: तिचा चेहरा, पूर्ण वेळ. एकही फोटो नाही.

आवाज: काहीच नाही. फक्त प्रयोगशाळेतला नळ. (४ सेकंद)
दिसतं: खिडकीत ओळीने ठेवलेले कांदे.

आवाज, मामा (११ सेकंद): "बसवाल्या पोरायच्या बाटल्या मी आधी कापून ठेवो. त्यायच्यानं सकाळी येनं होत नव्हतं ना."
दिसतं: त्यांचे हात. ब्लेड, मूळ, बाटली, बाटलीवर पेनने लिहिलेला रोल नंबर २९.

आवाज, वर्ग (१९ सेकंद): त्या प्रॅक्टिकलचा जुना मोबाइल व्हिडिओ, "सरक नं, मले पाहू दे" असा गलका.
दिसतं: एकाच सूक्ष्मदर्शकासमोर लागलेली रांग. कोणाला तरी मध्यावस्था सापडली आहे आणि सगळा वर्ग ती बघायला उभा आहे.

हा साठ सेकंदांचा भाग लिहायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्या मसुद्यात मामांच्या बोलण्याआधी मी निवेदन घातलं होतं: "आणि ते अदृश्य हात होते..." वगैरे. मोठ्याने वाचल्यावर जाणवलं की निवेदन मधे आलं की प्रश्न विचारणारी मागे पडते आणि उत्तर मीच देऊन टाकते. मग सगळ्या संहितेतूनच निवेदन काढलं. आमच्या व्हिडिओत टॉपर बोलते आणि वर्ग बोलतो, तिसरं कोणी नाही.

चित्रीकरण ९ तारखेच्या रविवारी करून टाकलं होतं, म्हणजे मजकुरावर सही व्हायच्या आधीच. ती घाई अंगाशी आली. एका मोबाइलवर चित्र आणि दुसऱ्यावर, ६५० रुपयांचा कॉलर माइक लावून, आवाज असं पूर्ण भाषण सलग घेतलं. स्टुडिओत दोन्ही जोडल्यावर सुरुवातीला ओठ आणि शब्द बरोबर होते, तिसऱ्या मिनिटाला मात्र शब्द आधी आणि ओठ नंतर हलायला लागले. स्टुडिओतल्या दादांनी कारण सांगितलं. मोबाइल उजेडाप्रमाणे सेकंदाला कधी ३० चित्रं घेतो, कधी त्याहून कमी, पण आवाज मात्र एका ठरलेल्या वेगाने जातो. उपाय दोन. HandBrake मध्ये 'Constant Framerate' निवडून चित्राची फाइल बदलून घ्यायची, किंवा छोटे छोटे तुकडे घ्यायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवायची. आम्ही १६ तारखेला भाषण पुन्हा घेतलं, पाच तुकड्यांत, टाळीसह. ती खोलीही बदलली. पहिल्या खोलीत पंखा बंद करूनही जवळच्या जिनिंगची घरघर येत होती, आणि ती माणसाच्या कानाला सवयीने ऐकू येत नाही, माइकला येते. ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांमधे, आवाज कोरडा आणि स्वच्छ आला. बोलणं संपल्यावर त्याच खोलीत कोणीही न हलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. दोन तुकड्यांच्या जोडात पोकळ जागा पडते, तिथे ती भरता येते.

१९ ला शिवजयंती. मिरवणुकीचे भोंगे सकाळपासून, म्हणून त्या दिवशी रेकॉर्डिंग करायचं नाही हे आधीच ठरवलं होतं आणि ते बरं झालं.

दरम्यान मी एक वही केली होती. ४६ नावं, आणि संहितेत जो जिथे दिसतो किंवा ऐकू येतो त्या सेकंदाची समोर नोंद. पहिल्या मोजणीत सात नावांसमोर काहीच नव्हतं. हे सातही जण शांत, मागे बसणारे, कोणाच्या सेल्फीत नसलेले. त्यांना एकेक करून फोन केला. एक जण गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतो हे मला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं. मुलांनी निवडलेलं सिनेमाचं गाणं तसंही नंतर यूट्यूबवर टाकताना हक्काच्या दाव्यात अडकलं असतं. त्याच्या खंजिरीचा नुसता ठेका घेतला आणि तोच व्हिडिओचं संगीत झाला. ज्यांचे फोटो घेतले त्या सगळ्यांना आधी पाठवून विचारलं. वर्गात झोपलेला एक फोटो त्या मित्राने नको म्हटला, काढून टाकला.

आणि एक नाव वहीत नव्हतंच. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, दुसऱ्या वर्षी लग्न होऊन गेली, नाव कमी झालं. पदवीच्या यादीत ती नाही, म्हणून ४६ तही नाही. तिला घ्यावं की नाही यावर मी खूप विचार केला. तिच्या मनाला लागलं तर? शेवटी तिलाच फोन लावला. तिने दुसऱ्या दिवशी एक व्हॉइस नोट पाठवली, चौदा सेकंदांची. मागे कुकरची शिट्टी होती. "मी पन तुमच्याच बॅचची हावो ना वं? फोटो नका लावू माझा. पन सहाव्या प्रयोगालोक मी होती, एवढं सांगा."

तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल माझ्याकडे राहून गेलं होतं. अनुक्रमणिकेच्या पानावर एक ते सहा निळ्या शाईत भरलेले, प्रत्येकासमोर मॅडमची सही, आणि खाली रिकाम्या रेघा. ते पान वरून घेतलं, कॅमेरा न हलवता, चौदा सेकंद. भाषणाच्या चौथ्या तुकड्यात टॉपर म्हणते, "मी हजेरी घेतली तर काही जणी 'यस सर' म्हणणार नाहीत." त्या वाक्यानंतर हे पान येतं. कुकरची शिट्टी दादा काढून टाकणार होते, मी ठेवायला सांगितली.

मराठी अक्षरांचा घोळ शेवटच्या दोन दिवसांत झाला. स्टुडिओतल्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात होती आणि जोडाक्षरं सुटी पडत होती. 'विद्यार्थी' वाचता येत नव्हतं. दुरुस्त करत बसण्याऐवजी सगळ्या पाट्या वर्डमध्ये लिहिल्या आणि चित्र म्हणून व्हिडिओत लावल्या.

२१ ला सभागृहातली चाचणी. तिथे तीन गोष्टी सापडल्या. प्रोजेक्टर जुना, चौकोनी चित्राचा, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि पाट्यांवरची अक्षरं मागच्या रांगेतून दिसेनात. रात्री ती दीडपट केली. खिडक्यांतून दुपारचं ऊन थेट पडद्यावर येत होतं, म्हणून मंडपवाल्या दादांकडून कनाती मागून खिडक्यांना बांधल्या. आणि लॅपटॉपचा आवाज मिक्सरपर्यंत नेणारी लांब वायर कोणाकडेच नव्हती. १२० रुपयांची वायर, पण ती समारंभाच्या सकाळी मिळाली नसती. फाइल एमपी४ मध्ये, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि लॅपटॉपमध्येही उतरवून ठेवली.

खर्चाचा हिशेब ग्रुपवर टाकला तोच इथे देते. ३८ जणांनी शंभर-शंभर दिले, ३,८०० जमा. स्टुडिओचे २,०००, माइक ६५०, दोन पेनड्राइव्ह ७००, वायर १२०, छपाई आणि झेरॉक्स ९०. राहिले २४०, ते चहाला गेले. ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांची नावं मी कोणाला सांगितली नाहीत, तुम्हीही सांगू नका.

समारंभ अकराचा होता, व्हिडिओची वेळ आली सव्वाबाराला. सहा मिनिटं बावन्न सेकंद. मी मिक्सरजवळ उभी होते. कांद्यांची ओळ दिसली तेव्हा बसने येणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पडद्यावर हात आले आणि मामांचा आवाज आला, तशी मागच्या दाराजवळ पाण्याचे जार ठेवत असलेल्या मामांकडे सगळ्यांच्या माना वळल्या. ते जार घेऊन तसेच उभे राहिले. टॉपर पहिल्या रांगेतून उठली आणि सगळं सभागृह ओलांडून त्यांच्यापर्यंत गेली. हे संहितेत नव्हतं. व्हिडिओ पुढे चालू होता, पण मिनिटभर तो कोणी पाहिला नाही. पुन्हा करायची वेळ आली, तर त्या भागानंतर मी दहा सेकंद नुसती खंजिरी ठेवीन.

त्या संध्याकाळी मी फाइल मैत्रिणीला पाठवली, 'Document' म्हणूनच. तिच्या गावात नेट कमजोर, उतरवायला रात्र लागली. सकाळी तिचा निरोप होता, "कितव्या मिनिटाले हावो मी?"

मी लिहिलं, चार मिनिटं बावीस सेकंद.